लेकीच्या दाखल्यावरचा अनुस्वार आणि मुख्याध्यापकांना दिलेला अर्ज

माझ्या मुलीचं नाव शुभांगी. दहावीनंतर शाळेने जो शाळा सोडल्याचा दाखला दिला त्यावर छापलं होतं 'शुंभागी'. एक टिंब एक अक्षर अलीकडे सरकलं, बाकी सगळं बरोबर, जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, जात बरोबर. आणि खरं सांगायचं तर वर्षभर घरात कुणाला ते दिसलंच नाही. दहावीच्या मार्कलिस्टवर नाव इंग्रजीत असतं, तिथे काहीच चूक नव्हती, ऑनलाईन फॉर्म सगळे इंग्रजीत भरतात, अकरावीच्या ॲडमिशनला मूळ दाखला कॉलेजात जमा झाला आणि आमच्याकडे राहिली झेरॉक्स. ती फाईलमध्ये.

दिसलं कधी, तर अकरावी सायन्स झाल्यावर जात पडताळणीची फाईल करायला घेतली तेव्हा. जातीच्या दाखल्यावर शुभांगी, शाळेच्या दाखल्यावर शुंभागी. कॉलेजमधल्या ज्या मॅडम फाईली तपासतात त्यांनी पेनाने दोन्हीकडे गोल केला आणि म्हणाल्या, हे असं वर पाठवलं तर परत येणार, आधी शाळेतून दुरुस्त करून आणा. पोरगी घरी येऊन रडायलाच लागली, तिचा भाऊ तिला दिवसभर शुंभ शुंभ करून चिडवत होता हा भाग वेगळा.

मग जो तो सल्ला द्यायला लागला. नेट कॅफेवाला म्हणाला गॅझेट करून टाका, मी करून देतो. शेजारचे एक रिटायर गृहस्थ म्हणाले प्रतिज्ञापत्र केलं की झालं, बाकी काही लागत नाही. मेव्हणा म्हणाला एका टिंबाचा तर प्रश्न आहे, व्हाईटनर लाव आणि पेनाने दे. हे शेवटचं तर चुकूनही करू नका, दाखल्याच्या खालीच छापलेलं असतं की यात अनधिकृतपणे बदल केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल, आणि खाडाखोड केलेला दाखला दिसला की समोरचा माणूस उरलेल्या सगळ्या कागदांकडेही संशयाने बघायला लागतो.

शाळा गावाकडे, मी नोकरीला शहरात. सुट्टी टाकून गेलो. जायच्या आधी तालुक्याला तहसीलसमोर जे अर्ज टाईप करून देतात त्यांच्याकडून अर्ज टाईप करून घेतला. त्यांनी सवयीने विषय टाकला, 'मुलीच्या नावात बदल करून मिळणेबाबत'. तो घेऊन शाळेत गेलो. शाळेच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, घेतला नाही, म्हणाले शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या नावात बदल होत नसतो, नियम आहे तसा, तुम्ही गॅझेट करा. विषय संपला. मी तिथेच बाकड्यावर बसून राहिलो कारण सर वर्गावर होते आणि त्यांना भेटल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलं होतं.

सर आले, हेडसर आमच्या बॅचला नव्हते, नंतर आलेले, पण माणूस कागदाचा पक्का. त्यांनी अर्ज बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की चूक दाखल्यात आहे का रजिस्टरमध्ये आहे. मला काय माहीत. मग त्यांनी दाखल्याच्या झेरॉक्सवरची खालची ओळ दाखवली, 'वरील माहिती शाळेतील जनरल रजिस्टर नं. १ प्रमाणे आहे' अशा अर्थाची. म्हणजे दाखला हा स्वतंत्र कागद नाहीच, तो त्या रजिस्टरमधल्या एका ओळीचा उतारा आहे. रजिस्टरमध्ये नाव बरोबर असेल आणि दाखला छापताना टाईप चुकला असेल तर मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात जुना दाखला रद्द करून दुसरा देऊ शकतात, वर कुठे जायची गरज नाही, मूळ दाखला परत द्या आणि अर्ज द्या एवढंच. पण रजिस्टरमध्येच चूक असेल तर मुख्याध्यापकांना त्या ओळीला हात लावता येत नाही, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी रजिस्टर बघायचं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच ठरते, कारण दोन्ही प्रकारात अर्जातली मागणी वेगळी असते.

शिपाई मामांनी कपाटातून रजिस्टर काढलं. ते लांबडं, लाल कापडी बांधणीचं, दोन्ही पानं उघडल्यावर टेबल भरतं. दाखल्यावर जनरल रजिस्टर क्रमांक असतो त्यावरून ओळ लगेच सापडते. ओळ पाचवीच्या प्रवेशाची, निळ्या शाईत, अक्षर स्वच्छ आणि टिंब सरळ सरळ शु वर. शुंभागी. म्हणजे दाखल्याने रजिस्टरची इमानदारीने नक्कल केली होती, चूक मुळातच पाचवीत प्रवेश देताना झालेली. भाऊसाहेब म्हणाले बघा, रजिस्टरप्रमाणेच आहे, आमची चूक नाही. तेव्हाचे भाऊसाहेब वेगळे होते, ते रिटायर झाले, त्यामुळे यांना दोष देऊन उपयोग नव्हता.

सर म्हणाले, थांबा, पाचवीत घेताना आपण हे नाव कशावरून घेतलं ते बघू. प्राथमिक शाळेचा चौथीचा दाखला मूळ स्वरूपात हायस्कूलकडे जमा असतो, त्या त्या वर्षाच्या गठ्ठ्यात. मामांनी गठ्ठा सोडला. मुलीचा जिल्हा परिषद शाळेचा दाखला निघाला, हाताने भरलेला. आणि त्यावर जे टिंब होतं ते ना धड शु वर ना धड भा वर, दोघांच्या मधल्या फटीत. वाचणारा शुंभागी पण वाचेल आणि शुभांगी पण वाचेल. आता शुंभागी असं नाव कुणी ठेवत नाही हे डोक्यात आलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण जून महिन्यात शंभरेक प्रवेश उतरवताना माणूस अर्थ लावत बसत नाही, दिसेल ते उतरवतो.

मग त्यांनी मला नियम समजावला. माध्यमिक शाळा संहितेत नियम २६.३ आणि २६.४ असे आहेत. पहिल्याचा सारांश असा की जनरल रजिस्टरमधलं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात यात सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय बदल करायचा नाही. दुसऱ्याचा असा की विद्यार्थी शाळा सोडून गेला असेल किंवा दहावीला बसला असेल तर असा बदलाचा अर्ज विचारातच घ्यायचा नाही, पण लिहिण्यातली उघड चूक असेल तर ती सोडून. भाऊसाहेब जे म्हणत होते ते अर्ध्या नियमाचं होतं, पुढचं अर्धं त्यांनी वाचलेलं नव्हतं किंवा मला सांगितलं नाही. आणि सर म्हणाले की २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठासमोर हाच मुद्दा गेला होता, शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती होते का नाही, आणि तिथेही उघड चूक असेल तर शाळा सोडली तरी दुरुस्ती करता येते असंच धरलं गेलं. म्हणजे दार बंद नाही, पण ही उघड चूक आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.

म्हणून त्यांनी माझ्या अर्जातली 'नावात बदल' ही ओळ पेन्सिलीने खोडली. तुम्ही बदल मागताय का? नाही ना? मग मागू नका. बदल मागितला की कार्यालयातला माणूस २६.४ दाखवून दोन ओळींत निकाली काढतो. गॅझेटचंही तेच, गॅझेट म्हणजे माझं नाव अमुक होतं ते आता मी तमुक केलं असं जाहीर करणं, तुमच्या मुलीचं नाव शुंभागी कधी होतंच नाही तर ते होतं असं सरकारी राजपत्रात पैसे भरून कशाला छापून घ्यायचं, आणि एवढं करून शाळेच्या रजिस्टरातली ओळ तशीच राहणार ती राहणारच. हे ऐकून मला नेट कॅफेवाल्याला ॲडव्हान्स दिला नव्हता याचं बरं वाटलं.

पुरावा कोणता लावायचा यावर सरांनी बराच वेळ घेतला. मी आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, बसचा पास सगळं घेऊन गेलो होतो. त्यांनी ते बाजूला ठेवलं. म्हणाले हे लावा हवं तर, पण याने काम होत नाही, कारण कार्यालयात विचारतात की रजिस्टरमध्ये चूक झाली त्या दिवसाच्या आधीचा कागद काय आहे. पाचवीत प्रवेश झाला त्याच्या आधी तिचं नाव शुभांगी होतं हे दाखवणारे कागद दोनच, जन्माचा दाखला आणि प्राथमिक शाळेचं रजिस्टर. जन्मनोंद करताना पुष्कळदा नाव नसतं, बारसं व्हायचं असतं, आमच्याकडेही तसंच होतं, पण पहिलीत घालताना ग्रामपंचायतीत नाव चढवून घेतलं होतं, त्यामुळे जन्मदाखल्यावर शुभांगी छापील अक्षरात होतं. ज्यांच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरी असेल त्यांनी ते काम आधी करावं, कारण त्याशिवाय सगळा भार प्राथमिक शाळेच्या हस्ताक्षरावर येतो.

त्या हस्ताक्षरासाठी मी जिल्हा परिषद शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी पहिलीच्या प्रवेशाचं रजिस्टर काढलं. आणि इथे एक मजा झाली. शुभांगीच्या नावातलं टिंब तिथेही डावीकडे कललेलं होतं, मी म्हटलं संपलं. पण बाईंनी त्याच पानावरची बाकीची नावं वाचायला सुरुवात केली. पांडुरंग मधलं पां वरचं टिंब अक्षराच्या अलीकडे समासात, रं वरचं टिंब डु आणि र च्या मध्ये. संगीता चं टिंब स सुरू व्हायच्या आधीच. गंगाराम तेच. ज्या गुरुजींनी ते पान लिहिलं होतं त्यांचा हातच तसा होता, सगळी टिंबं अर्धं अक्षर डावीकडे. बाई हसायला लागल्या, म्हणाल्या यांच्या हिशोबाने बघायला गेलं तर अख्ख्या वर्गाची नावं चुकीची आहेत. मग त्यांनी मला प्रवेश निर्गम उतारा दिला, शुभांगी असं टाईप करून, सही शिक्का, आणि माझ्या विनंतीवरून त्या रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रतही दिली, म्हणजे टिंबाची सवय ज्याला बघायची त्याने बघावी. खरं तर या प्रतीनेच पुढे काम केलं असं मला वाटतं, उतारा कुणीही टाईप करेल, पण ते पान बघितलं की चूक कशी झाली हे सांगावं लागत नाही.

मग अर्ज नव्याने लिहिला. सरांनी मुद्दे सांगितले, मी हाताने लिहिला, टाईप करायच्या भानगडीत पडलो नाही. मुलगी अठरा वर्षांची झाली नव्हती म्हणून अर्जदार मी, पालक म्हणून. सज्ञान असेल तर विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने द्यायचा. मजकूर साधारण असा होता, नावं-नंबर काढून देतोय:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा)

विषय : जनरल रजिस्टर व शाळा सोडल्याच्या दाखल्यातील विद्यार्थिनीच्या नावातील लेखनातील चूक दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : १) जनरल रजिस्टर क्र. ……, प्रवेश दि. …… २) शाळा सोडल्याचा दाखला क्र. ……, दि. ……

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, माझी मुलगी कु. शुभांगी ही आपल्या विद्यालयात इ. ५ वी ते इ. १० वी शिकत होती. जन्मनोंदीप्रमाणे व प्राथमिक शाळेच्या नोंदीप्रमाणे तिचे नाव 'शुभांगी' असे आहे. इ. ५ वीच्या प्रवेशावेळी प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून जनरल रजिस्टरमध्ये नोंद घेताना 'भा' वरील अनुस्वार 'शु' वर पडून 'शुंभागी' अशी नोंद झाली व तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली आहे. 'शुंभागी' हे तिचे नाव कधीही नव्हते. ही उतरवून घेतानाची उघड चूक असून नावात बदल करण्याची माझी मागणी नाही.

तरी सोबतच्या पुराव्यांच्या आधारे मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांचेकडे आपल्या अभिप्रायासह प्रस्ताव सादर करावा व मान्यता मिळाल्यानंतर दुरुस्त दाखला मिळावा, ही विनंती. मूळ दाखला कनिष्ठ महाविद्यालयात जमा असून तो परत घेऊन आपणाकडे जमा करीन.

अर्जदार (पालक), सही, पत्ता, मोबाईल

सोबत : जन्मदाखला, प्राथमिक शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, प्राथमिक शाळेच्या रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत, इ. १० वीचे गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार, प्रतिज्ञापत्र.

यात सरांनी दोन गोष्टींवर फार जोर दिला. एक म्हणजे चुकीचं आणि बरोबर दोन्ही नावं अवतरणात, ठळक आणि सुटी लिहायची, आणि कुठलं टिंब कुठे गेलं ते शब्दात सांगायचं, कारण फाईल वाचणारा माणूस भराभर वाचतो, शुभांगी आणि शुंभागी त्याला एकच दिसतं आणि तो म्हणतो यात चूक काय आहे. हे पुढे खरोखर झालं. दुसरं म्हणजे मागणी नुसती दाखल्याची नाही तर आधी रजिस्टरची, मग दाखल्याची. नुसता दाखला मागितला असता तर शाळेने रजिस्टर सोडून दाखल्यावर वेगळं नाव छापलं असतं तरी ते टिकत नाही, जात पडताळणीत शाळेचं रजिस्टर तपासायला माणूस आला की दाखला एक सांगतोय आणि रजिस्टर दुसरं हे लगेच दिसतं आणि मग आधीपेक्षा मोठी अडचण होते.

अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर शाळेचा आवक शिक्का आणि तारीख घेतली. भाऊसाहेब म्हणाले पोच कशाला, आम्ही कुठे पळून चाललोय का, पण सरांनी मान हलवली आणि मिळाली.

आता मूळ दाखला. तो कॉलेजच्या फाईलमध्ये. कॉलेजवाले म्हणाले मूळ दाखला दिला तर आमच्या रेकॉर्डला काय राहणार, बरोबर होतं त्यांचं. तिथे वेगळा अर्ज दिला की शाळेच्या नोंदीतल्या दुरुस्तीसाठी मूळ दाखला परत हवा आहे, दुरुस्त झालेला आणून जमा करतो, शाळेच्या पोचची झेरॉक्स जोडली. प्राचार्यांनी साक्षांकित प्रत ठेवून घेऊन मूळ दिला. हे लवकर केलेलं बरं, कारण बारावीनंतर कॉलेज स्वतःचा दाखला देतं आणि तो शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेला असतो. म्हणजे चूक पुढच्या रजिस्टरात, तिथून पुढच्या दाखल्यावर, अशी जात राहते.

शाळेने प्रस्ताव केला. वर मुख्याध्यापकांचं पत्र, त्यात शाळेकडून लिहिण्यात चूक झाली आहे, दुरुस्तीस हरकत नाही असा स्पष्ट अभिप्राय, मग माझा अर्ज, जनरल रजिस्टरच्या त्या ओळीची साक्षांकित प्रत, हायस्कूलकडे असलेल्या चौथीच्या मूळ दाखल्याची प्रत आणि माझे कागद. शाळेचा जावक क्रमांक आणि तारीख मी मोबाईलमध्ये लिहून घेतली, आणि हे फार उपयोगी पडलं, कारण शिक्षणाधिकारी कार्यालयात पालकाच्या नावाने काही सापडत नाही, शाळेच्या नावाने आणि जावक क्रमांकाने सापडतं.

नंतर पुष्कळ दिवस शांतता. शाळेत फोन केला की वरून काही आलं नाही. शेवटी मीच जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, आवक बारनिशीत नंबर काढला, टेबल सापडलं. तिथल्या साहेबांनी फाईल काढली आणि म्हणाले त्रुटी काढली आहे, शाळेला पत्र पाठवलंय. शाळा म्हणते पत्र मिळालं नाही. त्रुटीचं पत्र शाळेला जातं, पालकाला कुणी कळवत नाही, त्यामुळे दोन्हीकडे वाट बघत बसतात. मी विचारलं त्रुटी काय, तर शेरा होता, 'अर्जातील व अभिलेखातील नाव समान दिसते, दुरुस्ती स्पष्ट करावी'. म्हणजे तेच, टिंब दिसलंच नाही. मी तिथे उभ्याउभ्या रजिस्टरच्या प्रतीवर बोट ठेवून दाखवलं, चष्मा काढून परत घालून त्यांनी बघितलं, हसले, पण म्हणाले तुमच्या तोंडी सांगण्याने फाईल पुढे जात नाही, शाळेकडून लेखी येऊ द्या. चांगला माणूस होता, त्यांनीच सांगितलं की शाळेला म्हणावं एका कागदावर सध्याची नोंद आणि अपेक्षित नोंद असे दोन रकाने करा आणि मोठ्या अक्षरात लिहा. मी त्रुटीच्या पत्राची प्रत हातोहात घेऊन शाळेत दिली, सरांनी त्याच दिवशी तसा तक्ता करून पाठवला. माझं मत विचाराल तर हा तक्ता पहिल्याच प्रस्तावात जोडावा, विशेषतः ऱ्हस्व-दीर्घ, टिंब, पाय मोडलेलं अक्षर असल्या चुका असतील तर.

दरम्यान माझ्या स्वतःच्या नावाचंही निघालं. माझ्या आधारवर दत्तात्रेय आहे, मुलीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव दत्तात्रय. मी म्हटलं लगे हात हेही करून टाकू. सरांनी विचारलं तुमच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर काय आहे. तिथे दत्तात्रय. मग राहू द्या म्हणाले, मुलीच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव वडिलांच्या शाळेच्या दाखल्याशी जुळतंय, पडताळणीला तेच बघतात, ते बदलायला गेलात तर जुळलेली साखळी तुम्ही स्वतः तोडाल, वाटलं तर आधार दुरुस्त करा. तो विषय मी सोडून दिला.

मान्यतेचा आदेश शाळेच्या नावाने आला. मग सरांनी माझ्यासमोर रजिस्टर उघडलं. शुंभागी वर लाल शाईने एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, गिरवून काळं केलं नाही, त्याच्या वर शुभांगी, आणि शेवटच्या शेरा रकान्यात शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाचा क्रमांक, दिनांक, सही, शिक्का. टिंब देताना सरांनी मुद्दाम पेन भा च्या काना वर नेऊन जरा उजवीकडेच दिलं, म्हणाले आता जाऊन जाऊन कुठे जाईल.

दाखला छापताना भाऊसाहेब आधी कोऱ्या कागदावर प्रिंट काढून देतात, कारण दाखल्याचे कागद नंबरचे असतात, चुकला तर रद्द म्हणून जपून ठेवावा लागतो. ती कोरी प्रिंट मी मुलीला फोटो काढून पाठवली आणि फोनवर एकेक अक्षर वाचून घेतलं, आईचं नाव, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, सगळं. बरं झालं, कारण शाळेतलं सॉफ्टवेअर जुन्या मराठी फाँटवर चालतं, कीबोर्ड वेगळा, आणि पहिल्या प्रिंटमध्ये नाव बरोबर पण गावाच्या नावातलं जोडाक्षर फुटलं होतं. ते नीट केलं, मग खरा दाखला निघाला. शेऱ्यात आदेश क्रमांक आहे. जुना मूळ दाखला घेऊन त्यावर आडवं 'रद्द' लिहिलं आणि तो शाळेने ठेवून घेतला.

नवा दाखला कॉलेजात जमा केला तेव्हा तिथल्या मॅडमनी दाखल्यापेक्षा आदेशाची प्रत आधी मागितली. कॉलेजचं रजिस्टर वेगळं, तिथे दुरुस्ती करायला त्यांनाही आधार लागतो. शाळेकडून आदेशाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती मागून घेतल्या होत्या त्या कामी आल्या, एक कॉलेजला, एक जात पडताळणीच्या फाईलला, बाकीच्या घरात. फाईल आता गेली आहे, बारकोडची पावती मिळाली, आणि पोरीने फाईलच्या कव्हरवर स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं, मॅडमना लिहू दिलं नाही.